धम्मपाल म्हणजे ‘चुकलेला’ धर्मपाल नव्हे! बौद्ध घरांतल्या पाली नावांचं व्याकरण काय सांगतं?

हजेरीपटावर ‘धम्मपाल’ असं नाव असतं आणि कुणीतरी लाल पेनानं त्याचं ‘धर्मपाल’ करून ठेवतं. लग्नपत्रिकेच्या प्रूफमध्ये ‘धम्मदीप’चा ‘धर्मदीप’ होतो. ऑनलाइन फॉर्म भरताना मोबाइल ‘धम्म’ टाइप केल्यावर आधी ‘धर्म’ सुचवतो. दुरुस्ती करणाऱ्याला वाटतं, आपण एक स्पेलिंग मिस्टेक वाचवली. ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी मात्र नावातला शब्दच बदललेला असतो.

महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांत गेल्या सहा-सात दशकांत रुळलेली बरीच नावं पाली साहित्यातून आली आहेत. ती सगळी एकाच पद्धतीनं आलेली नाहीत. काही नावं पालीतल्या रूपात आली, काहींनी संस्कृत रूप घेतलं आणि काही अर्धी पाली, अर्धी संस्कृत अशी तयार झाली. कुठलं नाव कोणत्या गटात बसतं हे कळण्यासाठी पाली भाषा यायलाच हवी असं नाही. चार नियम कळले तरी पुरे.

एकाच शब्दाची दोन रूपं कशी होतात?

पाली ही थेरवाद बौद्ध परंपरेच्या त्रिपिटकाची भाषा. तिची स्वतःची अशी एक लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, म्यानमारमध्ये बर्मी लिपीत, तर आपल्याकडे देवनागरीत. संस्कृत आणि पालीतले बरेच शब्द एकाच मुळाचे आहेत, पण त्यांचे उच्चार वेगळे झाले आहेत.

पहिला नियम जोडाक्षरांचा. संस्कृतमध्ये दोन वेगळी व्यंजनं एकमेकांना चिकटून येतात. पालीत अशा वेळी सहसा एक व्यंजन दुसऱ्यासारखं होतं आणि त्याचं द्वित्त ऐकू येतं. त्यामुळे धर्मचा धम्म होतो, पुत्रचा पुत्त, मित्राचा मित्त. जोडाक्षर शब्दाच्या सुरुवातीला असेल तर द्वित्त न होता एकच व्यंजन उरतं, म्हणून प्रियदर्शीचा पियदस्सी होतो.

दुसरा नियम श, ष आणि स यांचा. पालीत या तिघांऐवजी एकच ‘स’ आहे. म्हणून अशोकचं असोक, विशाखाचं विसाखा आणि यशोधराचं यसोधरा होतं.

तिसरा नियम स्वरांचा. पालीत ऐ आणि औ नाहीत, त्यांच्या जागी ए आणि ओ येतात. गौतमचं गोतम होतं, मैत्रीचं मेत्ता. ऋ सुद्धा नाही, त्याच्या जागी अ, इ किंवा उ येतो. थेरी किसा गोतमीच्या नावातला ‘किसा’ म्हणजे संस्कृतमधला ‘कृशा’, म्हणजे सडपातळ.

चौथा नियम शब्दाच्या शेवटाचा. पाली शब्द व्यंजनावर संपत नाहीत. संस्कृतमधला अश्वजित् पालीत अस्सजि होतो आणि कोसलचा राजा प्रसेनजित् पालीत पसेनदि होतो.

हे नियम परके वाटत असतील तर रोजची मराठी आठवून बघा. मराठी थेट पालीतून आलेली नाही, ती महाराष्ट्री प्राकृतातून आली. पण पाली आणि बाकीच्या प्राकृत भाषांत उच्चार साधारण एकाच दिशेनं बदलले. सप्तचा सत्त झाला आणि मराठीत सात. अष्टचा अट्ठ झाला आणि मराठीत आठ. दुग्धचा दुद्ध आणि मग दूध. हस्तचा हत्थ आणि मग हात. कर्मचा कम्म झाला आणि मराठीत काम. ‘आज काम आहे’ म्हणणाऱ्याला कुणी ‘कर्म म्हण’ असं सुधारत नाही. धर्म आणि धम्म यांचं नातं नेमकं तसंच आहे. फरक इतकाच की कामाचा अर्थ कर्मापासून वेगळा झालाय हे सगळ्यांना माहीत आहे, धम्माचं मात्र तसं नाही.

मग सिद्धार्थ, गौतम, प्रज्ञा ही नावं कुठली?

इथे एक गंमत आहे. ज्यांना आपण सरसकट ‘पाली नावं’ म्हणतो त्यातली बरीच नावं पाली रूपात नाहीतच. पालीच्या नियमानं सिद्धार्थचं ‘सिद्धत्थ’ व्हायला हवं, गौतमचं ‘गोतम’, प्रज्ञाचं ‘पञ्ञा’ आणि संघमित्राचं ‘संघमित्ता’. राष्ट्रपाल हे नाव काही घरांत आवडीनं ठेवलं जातं. ते ज्या थेरांवरून आलं त्यांचं पालीतलं नाव ‘रट्ठपाल’ आहे. सम्यक हे तर पूर्ण संस्कृत रूप, पालीत त्या जागी ‘सम्मा’ येतं. मराठी घरांत ही सगळी नावं संस्कृत रूपातच रुळली.

याचं कारण सोपं आहे. बुद्धाच्या गोष्टी मराठी वाचकापर्यंत पोहोचल्या त्या मराठी पुस्तकांतून, आणि शिष्ट मराठी लेखनात संस्कृत रूपांकडे कल होता. १९०७ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं, आणि ते पुस्तक मराठीतच होतं. पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॉलेजचं नावही ‘सिद्धार्थ’ ठेवलं. दादरच्या घराचं नाव त्याआधीच ‘राजगृह’ होतं. पालीत त्या नगराला ‘राजगह’ म्हणतात.

काही नावांना नियम लावायची गरजच पडत नाही, कारण ती दोन्ही भाषांत जवळपास सारखीच आहेत. राहुल, आनंद, सुजाता, नागसेन, सुगत, तथागत, करुणा ही त्यातली. त्यात जोडाक्षरांची अडचण नाही, श-ष नाही, ऐ-औ नाही. म्हणून नुसतं रूप बघून ही नावं कुठून आली ते सांगता येत नाही.

सुमेध हे नाव मात्र थोडं वेगळं आहे. संस्कृतमध्ये मूळ शब्द ‘सुमेधस्’, म्हणजे चांगल्या बुद्धीचा. शेवटचं व्यंजन पालीत टिकत नाही, म्हणून तिथे तो ‘सुमेध’ झाला. पाली परंपरेत सुमेध हा तपस्वी पुढे अनेक जन्मांनंतर गौतम बुद्ध होतो. मुलाचं नाव ‘सुमेध’ ठेवणाऱ्यांना सहसा कल्पना नसते, पण हे रूप पालीच्या वळणाचं आहे.

एकच शब्द पालीत का टिकला?

मग प्रश्न पडतो की सिद्धार्थ, गौतम, प्रज्ञा चालले, तर धर्मपाल आणि धर्मदीप का चालले नाहीत? तिथे ‘धम्म’ का आला?

उत्तर बाबासाहेबांच्या मांडणीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. त्यांचं शेवटचं मोठं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याचं नाव ‘द बुद्ध अँड हिज धम्म’. इंग्रजी पुस्तकाच्या नावातही ‘रिलिजन’ नाही आणि ‘धर्म’ही नाही. पुस्तकात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या आहेत. ज्याला जग रिलिजन म्हणतं ते माणसाचं खाजगी प्रकरण असतं, ते देव, आत्मा, प्रार्थना, कर्मकांड यांच्याभोवती फिरतं. धम्म मात्र सामाजिक आहे. माणूस एकटाच असता तर त्याला धम्माची गरज पडली नसती, दोन माणसं एकत्र आली की ती पडते. देवाची जी जागा रिलिजनमध्ये असते, ती धम्मात नीतीची असते.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, ‘धृ’ म्हणजे धारण करणं. जुन्या पाली ग्रंथांतही ‘धम्म’ला अनेक अर्थ आहेत. बुद्धाची शिकवण, निसर्गाचा नियम, एखाद्या वस्तूचा गुण, मनात येणारा विषय, हे सगळे धम्मच. संस्कृत ‘धर्म’ही अनेक अर्थांनी येतो. मराठीत मात्र ‘धर्म’ म्हटलं की हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन अशा यादीतला एक रकाना डोळ्यासमोर येतो किंवा वर्णाश्रमाशी जोडलेलं कर्तव्य. ज्या व्यवस्थेतून बाहेर पडायचं होतं तिचाच शब्द नव्या नावात नको होता. म्हणून उच्चारातला फरक इथे अर्थाचा फरक बनला. धर्मपाल म्हणजे धर्माचं रक्षण करणारा, आणि धम्मपाल म्हणजे बुद्धाची शिकवण पाळणारा, जपणारा. मराठी बौद्ध घरात ही दोन नावं एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

‘धम्म’ हे रूप महाराष्ट्राला १९५६ नंतरच कळलं असंही नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईजवळच्या सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा लेख अशोकाच्या धम्मयात्रेबद्दल आहे. अशोकाच्या लेखांची भाषा हुबेहूब पाली नाही, पण ती प्राकृत आहे आणि तिथे हा शब्द बहुतेक ठिकाणी अनुस्वार देऊन ‘धंम’ असा कोरलेला असतो. म्हणजे ‘म’चं द्वित्त असलेला हा शब्द या किनाऱ्यावर सुमारे २,२०० वर्षांपूर्वी दगडावर आला होता.

अर्धं पाली, अर्धं संस्कृत: धम्मरक्षित

धम्मरक्षित, धम्मप्रिय, धम्मज्योती, धम्मदीक्षा ही नावं व्याकरणाच्या दृष्टीनं मिश्र आहेत. पहिला भाग पाली, दुसरा संस्कृत. काटेकोर पालीत धम्मरक्षितचं ‘धम्मरक्खित’ होतं आणि धम्मप्रियचं ‘धम्मपिय’.

धम्मरक्षित या नावाचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात, अशोकाच्या काळात कोणते थेर कोणत्या प्रदेशात पाठवले गेले याची यादी आहे. त्यात अपरांत म्हणजे कोकण किनाऱ्याच्या भागात ‘योन धम्मरक्खित’ गेले आणि महारट्ठात ‘महाधम्मरक्खित’ गेले असं म्हटलंय. योन म्हणजे ग्रीक. ‘महारट्ठ’ हे महाराष्ट्राचं पाली रूप.

मग आजच्या मराठी नावात ‘रक्खित’ न येता ‘रक्षित’ का आलं? कारण मराठी कानाला रक्षण, रक्षक, संरक्षण हे शब्द ओळखीचे आहेत. ‘रक्खित’ ऐकून अर्थ लागत नाही. विशेष म्हणजे ‘रक्ख’ मराठीत आहे, फक्त पुढे सरकलेल्या रूपात. रक्षचं रक्ख झालं आणि रक्खवरून ‘राखणं’, ‘राखण’, ‘राखणदार’ आले.

त्रिसरण हा शब्दही असाच. पालीत तो ‘तिसरण’ आहे, संस्कृतमध्ये ‘त्रिशरण’. मराठी बौद्धांच्या तोंडी मात्र बरेचदा ‘त्रिसरण’ असतं, त्यातला ‘त्रि’ संस्कृत आणि ‘सरण’ पाली. अशा मिश्र रूपांना चूक म्हणायचं कारण नाही. ही पाली ग्रंथातली नावं नाहीत, मराठी माणसांनी पाली आणि संस्कृतमधून घडवलेली मराठी नावं आहेत.

लिहायला एकच, अर्थ मात्र दोन

खरी गंमत होते ती रूप सारखं आणि अर्थ वेगळा असतो तेव्हा. संस्कृत शब्दकोशात ‘मिलिंद’ शोधलं तर अर्थ मिळतो भुंगा. बाळाच्या नावांच्या वेबसाइट्स आणि अ‍ॅप्सवरही हाच अर्थ दिसतो. बौद्ध घरातला मिलिंद मात्र भुंगा नसतो. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर असतो. त्याच्या नावाचं पालीत ‘मिलिंद’ झालं. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेन यांना एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरं देतात. औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला पुढे बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ हेच नाव दिलं आणि परिसराला ‘नागसेनवन’. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला आणि उत्तरं देणाऱ्या भिक्खूचं नाव परिसराला, ही जोडी मुद्दाम साधलेली आहे. भुंगा हा अर्थ घेतला तर ती जोडी दिसतच नाही.

दुसरं उदाहरण ‘दीप’चं. धम्मदीप, संघदीप, बोधिदीप अशा नावांत ‘दीप’ म्हणजे दिवा असं आपण धरून चालतो. पालीत मात्र ‘दीप’ दोन वेगळ्या संस्कृत शब्दांचं रूप आहे. एक ‘दीप’ म्हणजे दिवा आणि दुसरा ‘द्वीप’ म्हणजे बेट. शब्दाच्या सुरुवातीचं ‘द्व’ साधं होऊन ‘द’ उरलं आणि दोन्ही शब्द सारखेच दिसू लागले. श्रीलंकेच्या ‘दीपवंस’ या ग्रंथाच्या नावात दिवा नाही, बेट आहे. तो त्या बेटाचा इतिहास आहे.

बुद्धानं अखेरच्या दिवसांत भिक्खूंना ‘अत्तदीप’ आणि ‘धम्मदीप’ व्हायला सांगितलं असा प्रसंग महापरिनिब्बान सुत्तात येतो. आपल्याकडे त्याचा ‘स्वतःच स्वतःचा दिवा व्हा’ असा अर्थ रूढ आहे. पाली अट्ठकथा मात्र इथे समुद्रातल्या बेटाची उपमा देते आणि त्या सुत्ताच्या संस्कृत आवृत्तीत ‘द्वीप’ शब्द आहे. त्या अर्थानं धम्मदीप म्हणजे पुराच्या पाण्यात ज्यानं धम्माचं बेट गाठलंय असा माणूस. दिव्याचा अर्थ मराठीत इतका पक्का झालाय की नाव ठेवताना तोच मनात असतो, आणि तेही बरोबरच आहे. फक्त ‘धम्मदीप’चं ‘धर्मदीप’ केलं की बेटाचा अर्थ पुसला जातो, कारण संस्कृतमध्ये बेटासाठी ‘द्वीप’ लिहावं लागलं असतं.

शुद्धोदन की शुद्धोधन?

आता एक नाव पूर्ण उलगडून बघू. सिद्धार्थाच्या वडिलांचं नाव मराठीत सर्रास ‘शुद्धोधन’ असं लिहितात, शेवटच्या भागात ‘ध’. त्यांच्यावरून ठेवलेली नावंही दाखल्यांवर आणि नेमप्लेटवर अशीच दिसतात.

पालीत हे नाव ‘सुद्धोदन’ आहे आणि संस्कृतमध्ये ‘शुद्धोदन’. दोन्हीकडे ‘द’ आहे. नावाची फोड सुद्ध अधिक ओदन अशी होते. ओदन म्हणजे शिजवलेला भात. शुद्ध भात, हा या नावाचा सरळ अर्थ. राजाच्या नावात भात कसा, असं वाटेल. पण परंपरेत त्याच्या भावांची नावंही बघा: धोतोदन, सुक्कोदन, अमितोदन. सगळ्यांच्या शेवटी ओदन आहे. शाक्यांचा प्रदेश हिमालयाच्या पायथ्याचा, भाताच्या शेतीचा. पेरणीच्या उत्सवात राजा स्वतः नांगर धरतो आणि बाल सिद्धार्थ जांभळाच्या झाडाखाली ध्यानाला बसतो, ही गोष्टही त्याच घराण्याची आहे.

मग ‘ध’ आला कुठून? एक कारण उच्चारात आहे. आधीच्या ‘द्ध’मधला जोर पुढच्या ‘द’वरही येतो. दुसरं कारण ओळखीच्या नावांचं वळण हे असावं. यशोधरा आणि यशोधन ही नावं मराठीला आधीपासून माहीत आहेत. यशोधनमध्ये मूळ शब्द ‘यशस्’ आहे. त्याला ‘धन’ जोडताना शेवटच्या ‘अस्’चा ‘ओ’ होतो, म्हणून ते व्याकरणात बसतं. ‘शुद्ध’च्या शेवटी असा ‘स्’ नाही. शुद्ध आणि धन जोडले तर ‘शुद्धधन’ होईल, ‘शुद्धोधन’ नाही. म्हणजे ‘शुद्ध धन असलेला’ असा अर्थ जो काही ठिकाणी सांगितला जातो, तो स्पेलिंग बदलल्यावर मागाहून चिकटलेला आहे.

याचा अर्थ ज्यांच्या दाखल्यावर ‘शुद्धोधन’ आहे त्यांनी नाव बदलावं असा होत नाही. माणसाचं नाव तो किंवा ती जसं लिहिते तसंच बरोबर असतं. पण बाळाचं नाव ठेवायचं असेल, किंवा पुस्तकात बुद्धाच्या वडिलांबद्दल लिहायचं असेल, तर ‘द’ लिहिल्यावर नावातला भात शाबूत राहतो.

कागदावर काय अडतं?

अर्थाची चर्चा झाली, पण रोजची डोकेदुखी कागदपत्रांची असते. ‘प्रज्ञा’ हे नाव घ्या. मराठीत ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ होतो, म्हणून रोमन लिपीत Pradnya. हिंदीत तोच ‘ग्य’ होतो, म्हणून Pragya. संस्कृतच्या अभ्यासकांच्या पद्धतीनं Prajna. पाली रूपावरून लिहिलं तर Panna. चारही एकाच शब्दाची रूपं आहेत, पण कंप्युटरसाठी त्या चार वेगळ्या व्यक्ती आहेत. ‘धम्म’चं Dhamma लिहिताना एक m गळाला की Dhama होतं, आणि ते परत देवनागरीत आणताना ‘धामा’ किंवा ‘धमा’ होऊ शकतं.

समजा, एका घरात मुलाचं नाव ‘धम्मरक्षित’ ठरलं. पहिली नोंद जन्म दाखल्यावर होणार. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ खालच्या नियमांनुसार जन्माची नोंद आधी करून बाळाचं नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून १२ महिन्यांत त्यासाठी फी लागत नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. म्हणजे स्पेलिंग ठरवायला वेळ असतो. त्या वेळात देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं एका कागदावर लिहून ठेवायची आणि पुढे हॉस्पिटल, अंगणवाडी, शाळा, आधार सगळीकडे तीच द्यायची.

दाखला हातात आल्यावर तीन जागा तपासायच्या. ‘म्म’ आहे की ‘र्म’, ‘क्ष’साठी रोमनमध्ये ksh लिहिलंय का, आणि नाव एका शब्दात आहे की ‘धम्म रक्षित’ असं तुटलंय. नाव तुटलं तर दुसरा तुकडा मधलं नाव म्हणून नोंदवला जाण्याची शक्यता असते. लिहिणाऱ्याची चूक असेल तर याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मोठेपणी नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. ‘र्म’चं ‘म्म’ करणं ही सुरुवातीला किरकोळ दुरुस्ती असते, पण शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट आणि जात प्रमाणपत्र यांत तीन वेगळी रूपं गेली की तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने चालू शकते.

नावावरून माणूस ओळखता येतो का?

सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद ही नावं सगळ्या समाजांत आहेत. सिद्धार्थ तर महावीरांच्या वडिलांचंही नाव, त्यामुळे जैन घरातला सिद्धार्थ बुद्धावरूनच असेल असं नाही. ‘सम्यक’ही जैन आणि बौद्ध दोन्ही परंपरांत महत्त्वाचा शब्द आहे. उलट, अनेक बौद्ध कुटुंबांत मुलांची नावं आर्यन, रोहन, श्रुती अशी असतात.

‘धम्म’नं सुरू होणारं नाव मात्र बहुतेकदा ओळख सांगून जातं, आणि म्हणूनच ते ठेवणं हा काही घरांत अभिमानाचा निर्णय असतो, तर काही घरांत चर्चेचा. मुलाला वर्गात किंवा मुलाखतीत नावावरून जोखलं जाईल का, हा प्रश्न आई-बाबांसमोर असतो. ज्यांनी तो विचार करूनही ‘म्म’ लिहिला, त्यांच्यासाठी ते अक्षर निष्काळजीपणातून आलेलं नसतं. पुढच्या वेळी हजेरीपटावर, पत्रिकेच्या प्रूफवर किंवा फॉर्मवर ‘धम्मपाल’ दिसला, तर लाल पेन उचलण्याआधी त्यालाच विचारावं, तुझं नाव कसं लिहायचं?